दोन्ही हातांचं माप

समस्त उज्जैनकरांना कळविण्यात येते की, गेल्या उन्हाळ्यात माधव नगरातल्या आमच्या पुढच्या खोलीत एका थोर उद्योगाचा शुभारंभ झाला. उपस्थिती : एक शिलाई मशीन, माझी बायको आणि प्रचारमंत्री म्हणून मी.

मोबाइलवर दुकानाचं पान मीच लिहिलं. हिंदीत, कारण गिऱ्हाईक हिंदी. 'हर उम्र की महिलाओं के लिए हर तरह के ब्लाउज, बेहतरीन फिटिंग, वाजिब दाम.' वाचताना मीच मला दाद दिली.

दोन महिने कोणी फिरकलं नाही. दिवाळीपर्यंत वाट बघते, मग मशीन विकते, असं बायकोने जाहीर केलं. स्तनाच्या ऑपरेशननंतर तिने शाळेची नोकरी सोडली होती. मशीन गेलं असतं तर दिवसभर करायला तिच्याकडे काहीच उरलं नसतं. तिला हसवायला मी नकला करायचो, ती नुसती बघायची. रागवायचीही नाही. खरं सांगायचं तर मलाही त्यात काही गंमत वाटत नसे; तोंड आपलं सवयीने चालत होतं.

इंदूरहून जाहिरातीच्या कामातली भाची आली. पान वाचून म्हणाली, हे गावातल्या कुठल्याही टेलरचं असू शकतं. एकच बाई डोळ्यांसमोर धरा आणि तिच्याशीच बोला. मी हादरलो. बाकीच्या बायका हातच्या जातील की!

"ज्या येतच नाहीत, त्या जातील कशा, मामा?"

मग तिने मामीला विचारलं, तुझी बाई कोण? ती टेलरकडे जायचं का टाळते?

बायको बटणं निवडत होती. मान वर न करता, भाजीची यादी सांगावी तसं ती सांगत गेली. तिचं ऑपरेशन झालंय. एक हात सुजतो, टेलर मात्र एकाच हाताचं माप घेतो. काखेजवळ बधिर आहे, शिवण घासून सोललं तरी कळत नाही. आणि दुकानात पुरुषांसमोर तिला कारण सांगायचं नसतं.

हे मला ठाऊक नव्हतं. एका घरात राहून.

भाचीने माझं 'बेहतरीन' पुसलं. लिहिलं : 'ऑपरेशन के बाद एक बाँह तंग हो गई है? मैं दोनों हाथों का नाप लेती हूँ. बगल में सिलाई नहीं चुभेगी, अंदर पैड की जेब रहेगी. नाप घर में, सिर्फ़ मैं लूँगी. वजह बताने की ज़रूरत नहीं.'

ते पान कोणीतरी कोणाला तरी पाठवलं असावं. नवव्या दिवशी देवासहून एक बाई आल्या. मी स्वयंपाकघरात हद्दपार. पडद्याआड बायको आकडे पुटपुटत होती. उजवा दंड, डावा दंड, दोन वेगळे आकडे. आणि त्या बाई एकदम बोलून गेल्या,

"दो साल से गर्मी में शॉल ओढ़ के घूम रही हूँ, दीदी."