गादीच्या दुकानातली कायम नोकरी

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील ती कारखान्याच्या गेटवर वाटायचे. कंत्राटी पद्धत रद्द करा, कामगाराला कायम करा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. मोठा होऊन मी फ्रीलान्सर झालो, म्हणजे कंत्राटी कामगारच, फक्त लॅपटॉप स्वतःच्या पैशांनी घेतलेला.

माझं सगळ्यात मोठं काम भवानी पेठेतल्या एका कापसाच्या गाद्यांच्या दुकानाचं होतं. मालकांना अख्खी पेठ चाचा म्हणायची. दुकानाच्या इन्स्टाग्रामवर मी आठवड्यातून दोनदा गादीविषयी लिहायचो, 'आईच्या कुशीची ऊब' वगैरे. त्याचे महिन्याला ठरलेले पैसे मिळत आणि त्यातून माझ्या खोलीचं भाडं निघे.

मग शहराच्या कडेला, मांजरी गावाकडे नव्या सोसायट्या उठल्या आणि लोकांना कापसाच्या गादीची आठवण झाली. चाचांनी धायरीत शेड घेतली, कारागीर वाढवले. मेसेजचा ढीग साचू लागला. पाठदुखीला कोणती गादी, लिफ्टमध्ये मावेल का, खोळ धुता येते का. चाचा जेवणानंतर चष्मा लावून एकेक अक्षर दाबत उत्तर देत. तोवर विचारणारा फोमच्या गादीवर झोपलेला असे.

आता जाहिरात एजन्सी लावायची, मला जास्त काम द्यायचं की पगारी माणूस ठेवायचा, हे ठरवायला त्यांनी एजन्सीवाल्यांना आणि मला एकाच दुपारी बोलावलं.

एजन्सीचे दोघं आले. एक बोलणारा, एक मान डोलावणारा. बोलणारा म्हणाला, "आपण गादी विकत नाही, झोपेचा अनुभव विकतो."

"बरं. तो अनुभव तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण?" चाचांनी विचारलं.

मग कळलं की रोजचं काम मान डोलावणारा करणार आणि बोलणारा 'स्ट्रॅटेजी' बघणार, म्हणजे आज आला तेवढाच. मेसेजना उत्तरं द्यायची तर वेगळं पॅकेज. जाहिरातींचं खातं एजन्सीच्या नावावर. उद्या आपलं जमलं नाही तर, असं चाचांनी विचारलं, तेव्हा नवं खातं उघडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, असं उत्तर आलं.

"म्हणजे पाटी माझी आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे गहाण," चाचा म्हणाले आणि चहा मागवला.

ते गेल्यावर मी उभा राहिलो. समोर गाद्यांची थप्पी होती, मला ती सभा वाटली. ज्याच्या श्रमावर धंदा वाढतो त्याला कायम केलं पाहिजे, असं मी बराच वेळ बोललो.

चाचांनी शांतपणे ऐकलं. "पटलं. उद्या दहाला या. कायम करतो."

क्रांती इतक्या लवकर होईल असं मला वाटलं नव्हतं. माझी इतर कामं होती, दुपारची झोप होती. मी एक आठवडा बघू म्हणालो.

त्या आठवड्यात मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून लिहिलं काहीच नाही. दिवसभर उत्तरं, खोळीच्या कापडाचे फोटो, शेडला फोन. एका गिऱ्हाइकानं सिंगल बेडची गादी केवढी असते विचारलं, तर मी त्याला कापूस आणि माणूस यांच्या नात्यावर परिच्छेद पाठवला. चाचांनी खांद्यावरून वाचलं. "लेखकसाहेब, त्यांनी माप विचारलंय. आयुष्य नाही."

गप्प बसलो असतो तर पगार चालू राहिला असता. पण जागा कायम हवी होती हे खरं, आणि त्या जागी लेखक नको होता हेही खरं. मी तसं सांगितलं.

"आणि तुमचं काय?"

"लागेल तेव्हा बोलवा," मी व्यासपीठावरच्या आवाजात म्हणालो. भाड्याचा विचार दुकानाची पायरी उतरताना आला.

नव्या माणसाच्या नेमणुकीचं पत्र त्यांनी मलाच लिहायला लावलं. मी जीव ओतला. ठरलेली वेळ, भरपगारी रजा, रविवारची सुट्टी, सुट्टीत कामाचे मेसेज नाहीत. चाचांनी वाचून विचारलं, "मालकाला काही ठेवलंय का यात?" आणि सही केली.

पूर्वी एका कुरिअर कंपनीत फोन सांभाळणाऱ्या बाई त्या जागेवर आल्या. मेसेजना त्याच दिवशी उत्तरं जाऊ लागली. दिवाळीच्या जाहिरातींपुरती एजन्सीही घेतली, खातं मात्र दुकानाच्या नावावर. माझं लिहिणं आणि महिन्याचे पैसे पूर्वीसारखेच चालू होते. मग बाईंचं लक्ष माझ्याकडे वळलं.

"अहो, तुम्हाला महिन्याचे ठरलेले पैसे कशाचे? जेवढं लिहाल तेवढ्याचं बिल द्या."

कंत्राटी माणसाच्या असुरक्षिततेवर मी त्यांना एक लांबलचक मेसेज लिहिला. असा जळजळीत मजकूर मी गादीवर कधी लिहिला नव्हता. तो रविवारी पाठवला.

सोमवारी दुकान उघडल्यावर उत्तर आलं. "काल सुट्टी होती. माझ्या पत्रात बघा, आपणच लिहिलंय. बिल पाठवा. आणि परवाच्या मजकुरातली ऊब काढून जाडी टाका."

मी जाडी टाकली.