दोन आकड्यांची अदलाबदल

पोलादपूरला शाळेत शिक्षिका होते तेव्हा पुतणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी थोरल्या दिरांच्या महाडच्या खात्यावर मी तीस हजार पाठवले. फॉर्म मीच भरला, आणि खाते क्रमांकातले शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले. पैसे महाडच्याच एका हार्डवेअरवाल्याच्या खात्यात जमा झाले.

चौथ्या दिवशी जाऊबाईंचा फोन आला. "पैसे नाय आले गो अजून. फीची तारीख जवळ आलीय."

माझ्या बँकेच्या मॅनेजरनी पावती पाहिली. "नाव नाही, नंबर बघून जमा होतात, बाई. आम्ही महाडच्या शाखेला कळवतो. पण त्या माणसानं लेखी संमती दिल्याशिवाय त्याच्या खात्यातून ते काढता येणार नाहीत. तुम्हीही त्याला लिहा."

आधी मी दुकानात गेले. मालकानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "रोज दहा ठिकाणचे पैसे येतात. तुमचे कुठले, बघायला लागेल." आठवडाभर तो बघतच राहिला.

मग रात्री बसून पत्र लिहिलं. रक्कम, तारीख, व्यवहाराचा क्रमांक, माझं खातं, दिरांचा खरा नंबर नि चुकीचा नंबर. खाली लिहिलं: 'ही चूक सर्वस्वी माझी आहे, आपला त्यात काहीही दोष नाही. परंतु ही रक्कम आपली नाही, हे आता आपणांस माहीत आहे. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ती माझ्या खात्यावर परत करावी किंवा बँकेला संमती द्यावी, ही नम्र विनंती. अन्यथा मला नाइलाजाने कायदेशीर मार्ग घ्यावा लागेल.' पावतीची झेरॉक्स जोडून रजिस्टर पोस्टानं पाठवलं, एक प्रत दोन्ही बँकांना. पोचपावतीवर त्याची सही आली.

फीची तारीख त्या पंधरा दिवसांतच गेली. दुसरे तीस हजार माझ्याकडे नव्हते. पतसंस्थेत अर्ज केला, पण कर्ज मंजूर व्हायला महिना लागणार होता.

चौदाव्या दिवशी त्यानं संमती दिली. पैसे पूर्ण परत आले. दुकानात भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, एवढं कडक पत्र कशाला? मी काय खाणार होतो का?" खाणार नव्हता, वापरत होता.

पैसे घेऊन मी गावी गेले. पत्राची प्रतही नेली होती. दिरांनी ती वाचली नाही.

"नंबर चुकला म्हणतेस," जाऊबाई म्हणाल्या. "मास्तरीण हायस ना तू? द्यायचं नव्हतं तर तसं सांगायचं."

पुतणी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. तिनं मान वर केली नाही. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. त्याच पैशांत.