सासरे बघायला आले आणि मी तार सोडली

मुलाकडची माणसं मुलगी बघायला जातात, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या बाबतीत मुलीचे वडीलच मुलगा बघायला निघाले, आणि तेही आमच्या पुण्याच्या घरी नाही, थेट सबस्टेशनवर. त्यांचं म्हणणं असं, की घरी मुलगा इस्त्रीचा सदरा घालून पोह्यांच्या बशीमागे बसतो, त्यातून काय कळणार? गृहस्थ शाळेत गणित शिकवायचे. ताळा करून पाहिल्याशिवाय उत्तर मान्य करणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

गोष्ट साठ सालानंतरची, पहिल्या दोनचार वर्षांतली. माले गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं सबस्टेशन होतं. कुंपणात ट्रान्सफॉर्मर, बाजूला एक दगडी खोली, खोलीत पॅनेल, आणि भोवती भाताची खाचरं. तिथून अकरा हजार व्होल्टची एक लाइन निघायची. तिच्यावर भाताच्या गिरण्या, खडी फोडायचं मशीन आणि पाण्याचे पंप चालायचे. माझा डिप्लोमा नवा, नोकरी त्याहून नवी. एकूण विजेबद्दल मला माहीत नाही असं काही उरलेलं नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती.

खरं सबस्टेशन चालवायचे ते मामा. माझे नव्हे, माल्याचे, वयाने माझ्या दुप्पट. शाळा चौथीपर्यंत, पण पॅनेलवरचा काटा हलला तर पाठमोरे असताना त्यांना कळायचं. मला ते 'सायेब' म्हणत. त्या शब्दात आदर किती आणि गंमत किती, हे मी कधी मोजायला गेलो नाही. उत्तर नकोसं येण्याची धास्ती होती.

पॅनेलच्या मागच्या अंगाला अँमीटरच्या, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या मीटरच्या, दोन नटांशेजारी मामांनी शेंदराचे दोन ठसठशीत टिळे लावले होते. पहिल्याच दिवशी मी ते पाहून हसलो.

"मामा, नारळ कधी फोडायचा?"

"हसा. पर ह्या देवाला उघडं ठेवायचं न्हाई. मीटर काढायचा तर आदी खाली पट्टी टाकायची, मग नटाला हात."

पट्टी म्हणजे पितळेचा एक छोटा तुकडा. मीटरकडे येणाऱ्या दोन्ही तारा खाली जिथे जोडलेल्या असत, तिथे त्या दोघींना आपसात जोडून टाकणारा. मी मान हलवली आणि मनात म्हणालो, अंधश्रद्धा. आमच्या कॉलेजात हाच धडा होता, मी परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण शेंदूर लागल्यावर तो मला ओळखूच आला नाही.

ज्या रविवारी पाहुणे यायचे, त्याच्या दोन दिवस आधी नेमका त्या अँमीटरचा काटा शून्यावर अडकून बसला. आत काट्याच्या आसात धूळ गेली असावी. नवा मीटर शनिवारी पुण्याहून आला. मामा म्हणाले, "उंद्या जेवून दोघं मिळून लावू. घाई काय हाय?"

घाई काय आहे ते त्यांना कसं सांगणार? गणिताचे मास्तर येणार, पॅनेलसमोर उभे राहणार, विचारणार, "हा काटा काय दाखवतो?" आणि मी म्हणणार, "काही नाही." मुलीचा फोटो मी पाहिला होता. एका अडकलेल्या काट्यापायी ते स्थळ हातचं जावं, हे मला सोसवणारं नव्हतं.

रविवारी अकराच्या सुमाराला मामा बाहेर ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची पातळी बघायला गेले. मी रबरी मॅटवर उभा राहिलो आणि पॅनेलमागे वाकलो. माझा हिशेब साधा होता. काटा शून्यावर, म्हणजे मीटरमध्ये प्रवाह नाही. आणि असला तरी घरात आपण काय करतो? तार सोडवली की वीज बंद. दोन तारा एकमेकींना चिकटल्या की भडका. मामांची पट्टी तर दोन तारा मुद्दाम चिकटवायला सांगत होती! म्हणजे म्हातारा उलटंच शिकवतोय. मी पट्टीला हात न लावता नट सैल केला आणि मुठीला रबर असलेल्या पकडीने तार ओढली.

तार सुटली, पण वीज सुटली नाही. नट आणि तारेच्या टोकामध्ये निळा, जाड, फुरफुरणारा दोरा ताणला गेला. त्याच वेळी शेजारच्या लोखंडी कपाटातून असा घूं घूं आवाज यायला लागला, की जणू आत कोणी म्हैस कोंडली आहे. आणि नेमक्या त्याच क्षणी दारातून कोणी म्हणालं, "नमस्कार. आत येऊ का?"

मी "या ना" म्हणालो. संस्कार, दुसरं काय!

आवाज ऐकून मामा धावत आले. "सायेब, हायेत तितंच ऱ्हावा! तार परत लावाया जाऊ नगा! पाव्हणं, मागं व्हा!" आणि पॅनेलच्या पुढे जाऊन त्यांनी लाइनचा स्विच पाडला. आवाज थांबला, निळा दोरा तुटला. लांब कुठेतरी खडीचं मशीन धापा टाकत बंद पडलं. खोलीत जळक्या वार्निशचा वास तेवढा उरला.

मामांनी मला बाजूला घेतलं, दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. "हात हायेत. आता डोकं हाय का बघूया."

मास्तर पुढे आले. घाबरले होते, पण शंका आली की भीती विसरायची त्यांची सवय दिसली. मला म्हणाले, "अहो, तार तोडली तर प्रवाह थांबायला हवा. इथे उलट भडका कसा?"

परीक्षेत पाच गुणांना लिहिलेलं उत्तर मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. मी सांगितलं, की अकरा हजार व्होल्टची तार मीटरमध्ये आणता येत नाही. म्हणून त्या कपाटात करंट ट्रान्सफॉर्मर आहे, त्याला आम्ही सीटी म्हणतो. लोखंडाच्या एका गाभ्यावर दोन वेटोळी असतात. एकातून लाइनचाच प्रवाह जातो, वीस अँपिअर म्हणा. दुसऱ्याला सहापट वेढे, म्हणून त्यातून सहावा हिस्सा, साडेतीनच्याही आत. तो मीटरमध्ये येतो.

"बरं. मग?"

"घरातल्या दिव्याचा प्रवाह दिवा ठरवतो. दिवा काढला की संपलं. पण इथे पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह गिरण्या ठरवतात. मी इकडे मीटर काढला म्हणून गिरणी थांबत नाही. तिकडचे वीस अँपिअर वाहतच राहतात."

एवढ्यावर मी अडखळलो. मामांनी सूत्रं हातात घेतली.

"पाव्हणं, दोन बैल समजा. एक हिकडं वढतोय, दुसरा तिकडं. दोघांचा जोर जवळजवळ सारका, म्हून मधला दोर जागचा हलत न्हाई. आता ह्यांनी काय केलं? एका बैलाला सोडलं."

"मग पहिला सगळं घेऊन पळाला!" मास्तर म्हणाले.

"पळाला व्हय! आन सायेब कासरा धरून उभं!"

तेच खरं होतं. दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह लोखंडात उलट चुंबकत्व तयार करतो आणि पहिल्याचं जवळजवळ सगळं पुसतो. बाकी उरतं ते नावापुरतं, म्हणून एरवी त्या तारांवर व्होल्ट जेमतेम असतात. तार उघडली की पुसणारं कोणी राहत नाही. लाइनचा सगळा प्रवाह लोखंड चुंबकवण्यात लागतो, लोखंड एका बाजूला पूर्ण भरतं, मग झटक्यात उलटून दुसऱ्या बाजूला भरतं, सेकंदाला शंभरदा. प्रत्येक उलट्या झटक्याला त्या अनेक वेढ्यांतून शेकडो, कधी हजारो व्होल्टचा टोकदार फटका निघतो. माझ्या पकडीपाशी नेमके किती होते, ते मी मोजलं नाही. मोजायला गेलो असतो तर ही हकिगत माझ्या भावाला सांगावी लागली असती. आणि पट्टीने दोन्ही तारा जोडल्या, की दुसऱ्या बैलाला ओढायला जागा मिळते, सगळं शांत. घरचा नियम इथे पार उलटा: जोडलेलं निर्धोक, उघडं घातक.

मास्तरांनी शेंदराकडे पाहिलं. "ही खूण कोणी केली?"

"म्या," मामा म्हणाले. "लाल रंग लावला तर शिकल्याली माणसं पुसत्यात. शेंदूर कोण पुसत न्हाई. पर शिकल्याली माणसं त्यो बघून हसत्यात, ह्ये आमाला उशिरा कळलं."

तेवढ्यात फोन वाजला. वरच्या कचेरीतून विचारणा: लाइन का पडली? मामांनी रिसीव्हर हाताने झाकला आणि हळूच म्हणाले, "फांदी पडली म्हून सांगतो. तुमचं लगीन हाय."

मी सत्यवचनी होतो म्हणून नाही म्हणालो, असं सांगायला मला फार आवडलं असतं. खरं असं, की मास्तर दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि आकाश निरभ्र होतं. या माणसासमोर खोटं उत्तर मांडलं तर तो ताळा करणार. मी रिसीव्हर घेतला आणि सांगून टाकलं: सीटीची तार मी उघडली, पट्टी न टाकता, लाइन चालू असताना. पलीकडून मला जे ऐकवण्यात आलं, त्यातली निम्मी मराठी मला नवी होती. निम्मी मास्तरांनाही ऐकू गेली.

मग लाइन मेलेलीच ठेवून आम्ही जळकं टोक कापलं, नवा मीटर लावला, नट आवळले. सीटीचं इन्सुलेशन तपासलं, ते टिकलं होतं. लोखंडात चुंबकत्व मागे राहून मीटर चुकीचं दाखवू नये, म्हणून ते उतरवायचं काम दुसऱ्या दिवशी पुण्याच्या माणसांवर सोपवलं. लाइन सुरू झाली. काटा वर चढला, आणि मास्तरांनी तो काय दाखवतो हे मला विचारलंच नाही. जेवायचाही आग्रह त्यांनी मानला नाही. एसटी पकडायला निघाले, सोबत मामा. रस्त्याला दोघं बराच वेळ बोलत होते. परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"इचारत व्हते, पोरगं कसं हाय."

"मग?"

"खरं ते सांगितलं. माणूस बरा हाय, पर हात डोक्याच्या म्होरं पळतोय."

मी मनातल्या मनात तो फोटो परत पाठवूनही टाकला.

आठवड्याने आईकडे पत्र आलं. स्थळ पसंत होतं. चूक कोणाची विचारल्यावर मुलगा नाव स्वतःचं सांगतो, हे त्यांनी जमेला धरलं होतं. खाली मात्र एक अट होती, अधोरेखित: जावयाने आमच्या मुलीच्या घरातल्या विजेला हात लावू नये, आणि तसं लेखी द्यावं. मी दिलं. साक्षीदार म्हणून मामांनी सही ठोकली, जरा जास्तच उत्साहाने.

तो कागद बायकोच्या ट्रंकेत आहे. मी नोकरीत पुढे बऱ्यापैकी चढलो, नव्या पोरांना सीटी शिकवला. पण घरातला फ्यूज गेला की आजही पदर खोचून स्टुलावर ती चढते. मी स्टूल धरतो. "धरलंय ना नीट?" ती वरून विचारते, आणि मी काही करायच्या आत म्हणते, "आधी मेन स्विच बंद केला का? नाही, तुम्ही नको. मीच उतरते."