इसाराची पावती

पावती म्हणून जो कागद यांनी घरी आणला तो पाहून माझं डोकंच फिरलं. आडत दुकानाच्या बिलाचा अर्धा फाडलेला कागद आणि त्यावर एक ओळ: ‘टेंपोच्या इसारापोटी रुपये एक हजार रोख मिळाले.’ खाली सही. कुठला टेंपो, किती किमतीचा, बाकी किती, कधी द्यायची, कशाचा पत्ता नाही.

“अहो, हे काय?”

“पावती हाय की,” हे म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

एक हजार माझ्या भिशीचे होते. नगरपालिकेच्या शाळेतली मास्तरीण मी. दोन वर्षं पोटाला चिमटा काढून भिशी भरली होती. हे सोलापुरातल्या एका आडत्याचा तीनचाकी टेंपो चालवायचे, लग्नाच्या आधीपासून. आता आडत्यांनी मोठी गाडी घ्यायचं ठरवलं आणि जुना टेंपो सहा हजाराला यांना देतो म्हणाले. स्वतःची गाडी, स्वतःचं भाडं. आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

पण त्या एका ओळीनं माझी झोप उडवली. भाजीत मीठ दोनदा पडायचं. वर्गात फळ्यावर गणित घालायला वळले की तोच कागद डोळ्यांपुढे. यांना काही बोलावं तर एकच उत्तर, “मालकांचा शब्द हाय.” मला शब्दाचं वावडं नव्हतं, पण शब्दावर कर्ज कोण देणार?

झालंही तसंच. उरलेले पाच हजार मी शिक्षकांच्या पतपेढीतून काढणार होते. तिथल्या चिटणीसांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही लिहिलं असेल, आणि परत दिला. “बाई, गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, इसार, बाकी आणि मुदत पाहिजे. नीट लिहून आणा. कमिटी महिनाअखेरीला बसते. मंजूर झालं तरी पैसे हातात पडायला पुढचा आठवडा उजाडेल.”

त्याच दिवशी बाजारातून आणखी एक बातमी आली. पंढरपूरकडचा कुणी माणूस टेंपो बघून गेला, इंजिन चालू करून ऐकलं म्हणे. मी यांना म्हटलं, “उठा. आत्ता जायचं.”

“मालकास्नी काय वाटंल?”

“काय वाटायचं ते वाटू दे.”

वाटेत मी एकटीच दोघांपुरतं बोलले.

दुकानात गादीवर आडत्यांचा थोरला मुलगा होता. आडते भिंतीला टेकून बसले होते. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा, फक्त त्यांची नोकर माणसं मालक म्हणायची. त्या वर्षी दम्यानं त्यांना पार वाकवलं होतं. घरच्या माणसांशी कन्नडमध्ये बोलायचे, आमच्याशी मराठीत, आणि दोन्ही भाषांत मध्येच श्वास घ्यायला थांबायचे. मी बसले. हे नेहमीसारखे पायरीशी उभे राहिले. मला त्याचाही राग आला.

पतपेढीचं कारण मी सांगितलं. अण्णा काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, “देऊ की लिहून,” आणि पेन काढलं. इतक्या हौसेनं लिहायला बसलेला माणूस मला बरा वाटेना. त्यानं भराभर लिहिलं आणि वाचून दाखवलं. नंबर, किंमत सहा हजार, इसार एक हजार, बाकी पाच हजार, इथवर ठीक. मग: बाकी पंधरा दिवसांत न दिल्यास इसार जप्त होईल व गाडी कोणासही विकण्यास मालक मोकळे राहतील.

पंधरा दिवसांत तर कमिटीही बसणार नव्हती. माझे हजार रुपये त्याच ओळीत गेले होते.

“मुदत पुढच्या महिन्याच्या दहा तारखेची घाला,” मी म्हटलं. “दिवस नको, तारीख घाला. आणि आम्ही चुकलो तर इसार जप्त, मग तुम्ही मागं फिरलात तर?”

“तर इसार परत देऊ.”

“दुप्पट द्यायचा. बाजारात तशीच रीत आहे. बाकी मिळाली की त्याच दिवशी ट्रान्सफरच्या फॉर्मवर सही, आर. सी. बुक आमच्या हातात. गाडी ताब्यात देईपर्यंतचा टॅक्स, दंड तुमच्याकडे.”

मुलगा हसला. “बाई, शाळा हितं भरवू नका. दुसरं गिऱ्हाईक रोख घिऊन उभं हाय. पंधरा दिवसाच्या वर एक दिस न्हाय.”

माझं तोंड सुटणारच होतं. पण अण्णा यांच्याकडे बघत होते. माझ्याकडे नाही, कागदाकडे नाही. इतकी वर्षं बोरामणी, अक्कलकोट, कुठं कुठं माल पोचवणाऱ्या माणसाकडे.

“का रे,” ते म्हणाले, “माझ्या शब्दावर तुझा इश्वास न्हवता व्हय?”

हे मान खाली घालून उभे. मला वाटलं, झालं, आता हा माणूस माफी मागणार आणि मला घेऊन घरी जाणार.

“हाय की मालक,” हे म्हणाले. “तुमच्या शब्दावर लई इश्वास हाय. पर तुमच्या माघारी?”

मुलाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. असलं कुणी कुणाच्या तोंडावर, त्याच्या पोरासमोर बोलतं का? मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, या माणसाचा असा अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

अण्णांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्यांनी मुलाकडे हात पुढे केला. कोरा कागद घेतला आणि स्वतः लिहायला लागले. अक्षर कापत होतं. मी सांगितलेलं सगळं आलं, दहा तारीख आली, दुप्पट आलं. मग माझ्या डोक्यातही नव्हतं ते त्यांनी लिहिलं: ‘हा करार माझ्या पश्चात माझ्या वारसांवरही बंधनकारक राहील.’ जुनी पावती मागून घेतली, तिच्यावर आडवं ‘रद्द’ लिहिलं आणि नव्या कागदात तसा उल्लेख केला, नाहीतर एका इसाराच्या दोन पावत्या होतात. रेव्हेन्यू तिकिटावरून सही केली.

“साक्षीदार म्हणून तू कर,” ते मुलाला म्हणाले. तो कन्नडमध्ये काहीतरी बोलला. अण्णांनी बोट फक्त कागदावर ठेवलं. त्यानं सही केली.

आम्ही उठलो तेव्हा अण्णा यांना म्हणाले, “उद्या सकाळी मिरचीची पोती हायती. येळंवर ये.”

“व्हय मालक.”

रस्त्यावर आल्यावर मी भडकलेच. एवढं बोललात आणि पुन्हा मालक? आता गाडीचा सौदा झालाय, आपण काय त्यांचे बांधलेले आहोत?

“बाकी द्यायची हाय की अजून,” हे म्हणाले. “तवर गाडी त्यांचीच. तवर मालकच.”

नंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. अण्णांना एकदा दवाखान्यात हलवलं, तेव्हा मी पावती पुन्हा पुन्हा काढून वारसांची ओळ वाचत होते आणि ते बरे व्हावेत म्हणून सिद्धेश्वराला हातही जोडत होते. यातलं आधी काय केलं ते विचारू नका. कर्ज मंजूर झालं. मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही पाच हजार घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते अंथरुणात उशीला टेकून बसले होते. त्यांनी पैसे मुलाकडून मोजून घेतले, फॉर्मवर सही केली, आर. सी. बुक आणि किल्ली यांच्या हातात ठेवली.

यांनी किल्ली खिशात ठेवली. मग हे पहिल्यांदाच त्यांच्यासमोर, कॉटच्या कडेवर, बसले.

“अण्णा,” हे म्हणाले, “औषध घेतलं का न्हाय आज?”