सात दिवसांचं औषध

तेव्हा मी नाशिक रोडला एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होतो. देवळ्याहून भावाकडे आलेली एक बाई तापानं फणफणलेल्या मुलीला घेऊन आली. डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या पावडरची बाटली लिहून दिली होती. मी तिच्यात उकळून गार केलेलं पाणी घातलं, बाटली खळखळून हलवली. फेस बसून पातळी खाली गेली, तेव्हा बरोबर खुणेपर्यंत पुन्हा पाणी भरलं. डोस समजावला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. सात दिवसांनी उरलेलं फेकून द्या, एवढं सांगायचं राहिलं.

दोन महिन्यांनी ती एकटीच आली. तीच बाटली तिनं काउंटरवर ठेवली. तळाशी थोडं औषध होतं.

"दोन दिसात बरी झाली म्हून उरलेलं जपून ठेवलं व्हतं. परत छाती भरली, तवा हेच पाजलं. चार दिस पाजलं, दादा. गुण का नाय आला?"

"मुलगी कुठंय?"

"मंगळवारी गेली."

मला गप्प बसता आलं असतं. पण ती स्वतःचीच चूक शोधत होती, ते बघवेना. म्हणालो, "ताई, पाणी घातल्यावर हे सात दिवसच चालतं. मग त्यात जोर राहत नाही. तुम्हाला सांगायला मी विसरलो."

तिनं आवाज चढवला नाही.

"सांगितलं असतं तर फेकलं असतं की, दादा," एवढंच म्हणाली आणि बाटली तिथंच ठेवून पायऱ्या उतरली.

पुढं प्रत्येक बाटलीवर मी औषध फेकायची तारीख लिहीत गेलो.