‘हो’ म्हणजे नक्की काय?

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. एका शुक्रवारी दुपारी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि पाच पानांचा स्टेपल केलेला गठ्ठा पुढे सरकवला.

“मॅडम, सर्वेक्षणाची प्रश्नावली आहे. एक नजर टाका, शेवटच्या पानावर ‘तपासले’ म्हणून सही करा. बुधवारी आपल्या मुली फील्डवर जाणार.”

सर्वेक्षण राधानगरीकडच्या वाड्यांचं होतं. ज्या शाळांत मुलं कमी, त्या शाळा बंद करून मुलांना मोठ्या गावच्या शाळेत पाठवावं का, याबद्दल पालकांचं मत घ्यायचं होतं. काम बाहेरच्या एका खाजगी संस्थेकडे होतं. घरोघरी हिंडायला तिला कॉलेजची मुलं हवी होती, आणि कॉलेजला तिचं प्रमाणपत्र.

स्टाफरूममध्ये येऊन मी पेन्सिल घेतली. पहिले सहा प्रश्न नाव, वय, घरात शिकणारी मुलं किती, असे होते. सातव्याशी माझी पेन्सिल थांबली.

‘कमी पटाच्या शाळा बंद करू नयेत, असे आपल्याला वाटत नाही ना? हो / नाही.’

मी तो प्रश्न तीनदा वाचला. चौथ्यांदा मोठ्यानं वाचला. समोर आमचे संख्याशास्त्राचे सर डबा खात होते. तीस वर्षं आकडे शिकवलेला हा माणूस. आवाज कधी चढवायचा नाही, की घाईनं निष्कर्ष काढायचा नाही.

“सर, ह्याचं उत्तर द्या.”

त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. “हो. म्हणजे… शाळा बंद करू नयेत असं मला वाटतं, म्हणून हो. पण थांबा. ‘वाटत नाही ना’ याला हो म्हटलं, तर वाटत नाही असं झालं.”

“मग नाही म्हणा.”

“नाही म्हटलं तरी ‘वाटत नाही’च झालं की!” त्यांनी तुकडा डब्यात परत ठेवला.

पुढचं वाचत गेले तसं डोकं तापत गेलं. नववा प्रश्न: ‘मोठ्या शाळेत संगणक, क्रीडांगण व तज्ज्ञ शिक्षक मिळणार असतील, तर मुलाच्या उज्ज्वल भविष्यासाठी आपण त्याला तेथे पाठवाल का?’ याला नाही म्हणणारी आई दाखवा मला. रोज किती चालावं लागेल, वाटेत ओढा किती, याचा प्रश्नात एक शब्द नव्हता. अकरावा: ‘शाळेची इमारत व शिक्षण समाधानकारक आहे का?’ हे दोन प्रश्न, आणि उत्तराला चौकट एक. तेरावा: ‘शाळेत पोहोचायला किती वेळ लागतो?’ कोणत्या शाळेत? आत्ताच्या, की पाठवणार त्या? शेवटच्या प्रश्नाला पर्याय होते ‘पूर्ण सहमत, सहमत, बऱ्यापैकी सहमत, असहमत’. सहमतीला तीन दारं आणि नकाराला एक. ‘सांगता येत नाही’ म्हणायची तर सोयच नाही.

मी संस्थेच्या समन्वयकाला फोन लावला. तरुण, गोड आवाजाचा गृहस्थ.

“मॅडम, प्रश्नसंच वरून मंजूर होऊन आलाय. भाषा जरा सुधारा, पण आशय बदलू नका.”

“आशय काय आहे तेच विचारायला फोन केलाय. सातव्यात ‘हो’ म्हणजे काय?”

“हो म्हणजे शाळा बंद करायला हरकत नाही.”

“आणि ‘नाही’ म्हणजे?”

त्यानं पलीकडे कागद उलटले. मग म्हणाला, “बघून सांगतो.”

ज्यानं प्रश्न छापला, त्यालाच उत्तराचा अर्थ बघून सांगावा लागत होता. मी रागानंच फोन ठेवला.

सर म्हणाले, “कागदावर भांडून काही होणार नाही. वाडीत जाऊन विचारून बघू. उत्तर आलं की एवढंच म्हणायचं, आता हाच प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा. म्हणजे त्यांनी काय ऐकलं ते कळेल.”

शनिवारी सकाळी त्यांच्या गाडीनं आम्ही निघालो. सर्वेक्षणातल्या एका वाडीत पोचलो तेव्हा पहिल्या घराच्या बाई म्हशीपुढं गवत टाकत होत्या. नातू वाडीतल्याच शाळेत दुसरीला. मी छापल्याप्रमाणे, एक अक्षर न बदलता सातवा प्रश्न वाचला.

“व्हय,” बाई म्हणाल्या.

“आजी, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू.”

“साळा चालू ऱ्हावी का, असंच इचारलंसा न्हवं? व्हय म्हनलं की.”

“आणि कुणी लिहून घेतलं, की तुम्ही शाळा बंद करा म्हणालात, तर?”

हातातली गवताची पेंढी तशीच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “बंद? म्या कवा म्हनलं बंद करा? कोन लिवनार हाय त्ये? त्येला हितं आना!”

शेजारच्या घरातला माणूस दुधाची किटली घेऊन बाहेर पडत होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, “न्हाय.” अर्थ विचारला तर म्हणाला, “न्हाय म्हंजे न्हाय. बंद करायची न्हाय. पावणं, एवढंबी कळंना का?”

दोघांचं मत एकच. फॉर्मवर एक ‘हो’त गेलं असतं, दुसरं ‘नाही’त.

अकराव्या प्रश्नाला आजी म्हणाल्या, “इमारत गळतीया. शिकवनाऱ्या बाई लई चांगल्या हाईत. आता एका चौकटीत काय काय लिवशीला?” तेराव्याला किटलीवाला म्हणाला, “धा मिंटं.” मोठ्या गावच्या शाळेला किती, असं विचारल्यावर त्यानं किटली खाली ठेवली. “तिकडं? मोठ्या मानसाला पाऊन तास. पावसात वड्याला पानी आलं की जायाचंच न्हाय.” त्याचं ते ‘दहा मिनिटं’ कुठल्या शाळेच्या नावावर मांडलं गेलं असतं, कोण जाणे.

मग त्या दोघांना आणि पुढच्या प्रत्येक घरात, जुन्या प्रश्नापाठोपाठ तोच प्रश्न आम्ही फिरवून विचारला. ‘वाडीतली शाळा सुरू ठेवावी, बंद करावी, की सांगता येत नाही?’ तीन पर्याय सारख्याच आवाजात वाचले. निम्म्या घरांत ‘बंद करावी’ आधी वाचलं, म्हणजे पहिलं कानावर पडलं म्हणून कुणी तेच धरलं असं व्हायला नको. कुणी अडखळलं नाही. एकानं तर बंद करा असंच सांगितलं. त्याच्या पोराला वर्गात जोडीदार नव्हता. तेही लिहून घेतलं. लोकांनी माझ्या मनासारखं बोलावं, यासाठी मी गेले नव्हते.

परतीच्या वाटेवर मी तावातावानं बोलत होते. सर गाडी चालवत ऐकत होते. मध्येच हळूच म्हणाले, “मागच्या वर्षी दवाखान्याच्या सर्वेक्षणाला तुम्हीच सही केलेली, मॅडम.”

खरं होतं. परीक्षेच्या दिवसांत तो कागद आला होता. मी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघितले आणि सही ठोकली. ‘उपचार वेळेवर व व्यवस्थित मिळतात का,’ असा एक प्रश्न त्यात होता, हे मला गाडीत आठवलं. तेही एका चौकटीत दोन प्रश्न. त्या समन्वयकावर जेवढी चिडले होते, तेवढीच आता स्वतःवर.

सोमवारी समन्वयक स्वतः कॉलेजात आला. प्राचार्यांना घाम फुटला होता. “मॅडम, करार झालाय. थोडं समजुतीनं घ्या.”

मी समन्वयकाला विचारलं, “तुम्हाला मुलं आहेत?”

“एक मुलगी. तिसरीत.”

“तिची शाळा बदलू नये, असं तुम्हाला वाटत नाही ना? फक्त हो किंवा नाही.”

“हो… म्हणजे नाही. म्हणजे, बदलायची नाहीये.”

“ते ‘म्हणजे’ लिहायला फॉर्मवर जागा नाही. काय लिहू?”

मी वाडीतले कागद त्याच्यापुढे पसरले. प्रत्येक घराची दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी होती. त्यानं ती वाचली, आणि नीट वाचली, हे मला मान्य करायलाच हवं. मग तो हळू आवाजात म्हणाला, “इंग्रजी संचाचं भाषांतर आहे हे. मला शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. कुणी असं विचारून बघितलं नाही.”

“कुणी नाही म्हणजे कोण? तुम्ही नाही. आणि मी सही केली असती तर मीही नाही.”

प्राचार्य म्हणाले, “आता सुधारता येईल ना? मग सुधारा.” त्यांच्या तोंडून एवढं आलं, हेच माझ्या दृष्टीनं पुष्कळ होतं.

सरांनाही बोलावून घेतलं आणि चौघांनी बसून संध्याकाळपर्यंत काम केलं. सातवा नव्यानं लिहिला. नवव्यातलं उज्ज्वल भविष्य काढलं. आधी अंतर सांगायचं, मग सोयी, मग विचारायचं. अकराव्याचे दोन प्रश्न केले. तेराव्यात शाळा कोणती ते घातलं. शेवटच्याला होकार आणि नकाराचे पर्याय समसमान केले. एका ओळीवर मात्र समन्वयक हटेना. पहिल्या पानावरचं ‘विद्यार्थ्यांच्या हितासाठी होणाऱ्या समायोजनाबाबत’ हे वाक्य वरच्या लोकांचं होतं म्हणे. समायोजन म्हणजे शाळा बंद करून मुलं दुसरीकडे हलवणं, आणि तेही हितासाठीच; प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर सांगणारं ते वाक्य! शेवटी, मुली ते मोठ्यानं वाचणार नाहीत, एवढ्यावर तडजोड झाली. मी सही केली, आणि सहीखाली ते वाक्य मला मान्य नाही असं लिहिलं.

बुधवारी आमच्या मुली गेल्या. कागद भरून आले, स्वच्छ आणि वाचता येण्याजोगे. बहुतेकांनी शाळा हवी म्हटलं होतं, काहींनी नको. ती वाडीतली शाळा आज सुरू आहे. आमच्या कागदांमुळे, असा दावा मी करत नाही.

जुना, न सुधारलेला संच गडहिंग्लजकडच्या एका कॉलेजालाही गेला होता, हे मला आठवड्यानं कळलं. मी तिथल्या प्राध्यापकांना फोन केला.

“हो, तपासला ना,” ते म्हणाले. “शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या. निम्मे फॉर्म भरूनसुद्धा झाले.”

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एसटी पकडली. ते प्राध्यापक आधी चिडले. “तुमचं काय जातंय?” असं तोंडावर म्हणाले. मी सातवा प्रश्न त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावला, मग त्यांच्या क्लार्कना, मग ग्रंथपालांना. तिसऱ्या वेळेला ते स्वतःच खुर्चीवरून उठले आणि उरलेले फॉर्म कपाटात टाकून कुलूप लावलं.

भरून संस्थेकडे गेलेले फॉर्म परत आले नाहीत. त्या घरांना पुन्हा कुणी विचारलं नाही. मी संस्थेला तीन पत्रं लिहिली, समन्वयकानंही आतून जोर लावला, तेव्हा कुठे अहवालाच्या शेवटच्या पानावर, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत, एक ओळ आली: काही ठिकाणी प्रश्न सातची शब्दयोजना वेगळी होती. म्हणे वेगळी! त्या घरांची ‘हो’ मात्र बेरजेत तशीच धरली होती. ती म्हणणाऱ्यांना खरं काय हवं होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.