ज्याला येतं त्यानं मारायचं

आमच्या वर्गात स्पेलिंग येणं ही सगळ्यात वाईट गोष्ट होती. चुकलेल्याला मार बसायचाच, पण बरोबर सांगणाऱ्याला मारावं लागायचं.

इंग्रजीच्या सरांची ती पद्धत होती. ते एक शब्द विचारायचे. चुकला की उभं राहायचं, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. कुणीतरी बरोबर सांगितलं की त्यानं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या थोबाडीत एकेक द्यायची. मैत्रीण आहे, बाकावरची आहे म्हणून कुणी हात हळू लावला, तर सर त्यालाच पुढं बोलवायचे आणि थोबाडीत कशी मारतात ते त्याच्याच गालावर दाखवायचे. दुसऱ्यांदा कुणी हळू मारत नसे. सरांचा हात स्वच्छ राहायचा आणि वर्ग आपसात सुजायचा. घरी कुणी विचारलंच तर मारणारं पोर शेजारच्याच गल्लीतलं निघायचं.

आमचं गाव कुपवाडच्या पलीकडं. अर्ध्या वर्गाचे वडील एमआयडीसीत, उरलेल्यांचे शेतात नाहीतर फौजेत. माझे वडील कारखान्यात कामाला आणि कामगारांच्या सभांची पत्रकं वाटायला. रद्दीत गेलेली पत्रकं वाचत मी मोठी झाले. अन्यायाविरुद्ध एक व्हा, हे मला बाराखडीबरोबरच पाठ होतं. वर्गात मात्र मीही उभी राहायचे आणि गाल पुढं करायचे.

दहावीच्या वर्षी सर दोन शब्दांवर अडून बसले, नेसेसरी आणि एम्बॅरस. हे शब्द ऐकून लिहिता येत नाहीत. आपल्याकडं जसं बोलतो तसं लिहितो. इथं कानाला एकच एस ऐकू येतो आणि कागदावर दोन लागतात. नेसेसरीत कुणी दोन सी घालायचं, कुणी एकच एस. एम्बॅरसमधला एक आर तर सगळेच खायचे. सरांना हे चांगलं माहीत होतं. ज्या शब्दांनी जास्तीत जास्त पोरं उभी राहतात तेच त्यांना आवडायचे.

हे दोन्ही शब्द येणारा वर्गात एकच मुलगा होता. जैनांच्या घरातला, वडिलांची शेती आणि गावात किराणा दुकान. पाणी गाळून पिणारं, दिवस मावळायच्या आत जेवणारं ते घर. त्याच्या आजीनं मुंगी दिसली तर पाय उचलून पलीकडं ठेवावा. आणि या मुलानं त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या लोकांच्या थोबाडीत मारल्या. त्याच्या बाकावर बसणारा त्याचा दोस्त शेवटी राहिला होता. दोस्ताच्या गालावर हात हळू पडला. सरांनी पद्धत दाखवली आणि पुन्हा मारायला लावलं. दुसरी थप्पड गालावर पडायची ती डाव्या कानावर पडली.

दोस्त खाली बसला तो उठेचना. कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर आली. सर म्हणाले, नाटकं बंद कर.

सांगलीच्या डॉक्टरांनी कानाचा पडदा फाटल्याचं सांगितलं. बहुतेक आपोआप भरून येईल, पाणी जाऊ द्यायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही. पण भरायच्या आत पुन्हा फटका बसला तर काही सांगता येत नाही. दोस्ताचे वडील सीमेवर होते, चुलते होते, आजोबाही फौज करून आले होते. हा रोज पहाटे माळावर पळायचा ते भरतीसाठीच. फाटक्या पडद्यावर भरतीच्या मेडिकलला बाहेर काढतात, हे त्याला डॉक्टरांच्याही आधी माहीत होतं.

शाळेनं काय केलं? काहीही नाही. मुख्याध्यापकांनी त्याच्या आईला बोलावून सांगितलं, पोरांची आपसातली मस्ती, वाढवू नका, बोर्डाचं वर्ष आहे. गावातले शहाणे म्हणाले, आमी काय कमी मार खाल्ला व्हय, म्हणून तर शिकलो. त्यातला एकही शिकलेला नव्हता.

जैनांचा मुलगा बोलायचाच बंद झाला. सरांनी पुढच्या तासाला त्याला नेसेसरी विचारलं. त्यानं सरळ चुकीचं सांगितलं. सरांनी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा चुकीचं सांगितलं. मला त्याचा डाव कळला. मधल्या सुट्टीत आम्ही ठरवून टाकलं, कुणालाच काही येत नाही. सगळे उभे राहिले तर मारायला कोण उरतं?

सर उरले. त्यांनी निरगुडीची फोक आणवली आणि सगळा वर्ग झोडपला. तळहात, मांड्या, पाठ. रोज. बसताना मुली बाकाच्या कडेवर टेकायच्या. आम्ही त्याला लढा म्हणत होतो, पण एकेक जण मनातून ढिला होत होता. आणि दोस्त कानात कापूस घालून, फोक कुठून येते ते बघत बसायचा. सरांनी त्याला फक्त हातावर मारलं. पण फोकेला डोळे नसतात.

तेव्हा शाळेत एक नव्या मॅडम होत्या, तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाचे पैसे, वर्ष संपलं की नमस्कार. त्या पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवायच्या. परिपाठाची पाळी त्यांच्यावर आली. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. आजचा शब्द म्हणून फळ्यावर त्यांनी तेच दोन शब्द लिहिले. रांगेत एकदम चुळबुळ झाली. सर शिक्षकांच्या ओळीत हात मागं बांधून उभे होते.

मॅडम म्हणाल्या, "मी थोडकंच बोलणार आहे. स्पेलिंग चुकणं हा गुन्हा नाही. तरीही हे दोन शब्द शिका. कशासाठी ते सांगते. माझ्या भावाची बोटं मशीनमध्ये गेली. त्यानं मोबदल्यासाठी इंग्रजीत अर्ज केला. साहेबानं नेसेसरीभोवती लाल पेनानं गोल केला आणि तो कागद ऑफिसात सगळ्यांना दाखवला. सगळे हसले. भाऊ मेल्याहून मेल्यासारखा परत आला. बोटांचं कुणी विचारलंच नाही, तोही पुन्हा गेला नाही. साहेबाची चूक होतीच. पण ती काठी साहेबाच्या हातात आयती गेली. तुमच्यावर उगारायला लोकांकडं काठ्या पुष्कळ आहेत. ही एक आपल्याला काढून घेता येते."

मग त्यांनी युक्ती सांगितली. शर्टाला कॉलर एक असते आणि बाह्या दोन. नेसेसरीत सी एक, एस दोन. एम्बॅरस म्हणजे लाजेनं ओशाळणं. लाज वाटली की दोन्ही गाल लाल होतात, म्हणून आर दोन. आणि दोन्ही कान तापतात, म्हणून एस दोन. कान म्हणताना त्यांची नजर दोस्ताच्या कापसावर गेली.

"आणि दहावीच्या मुलांना सांगते. सगळे चुकलात तर मारणाऱ्याला कारण मिळतं. एकालाच आलं तर त्याचा हात वापरला जातो. सगळ्यांना आलं तर काय होतं, ते एकदा बघा."

शिक्षकांच्या ओळीतून सर मोठ्यानं म्हणाले, "मारल्याशिवाय येत नसतं, बाई." मॅडमनी फळा पुसला आणि राष्ट्रगीत म्हणायला सांगितलं.

छोट्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं आख्खा वर्ग गोळा झाला. जैनांचा मुलगा कितीतरी दिवसांनी बोलला. एकेकाला समोर घेऊन त्यानं घोटून घेतलं. ज्याला कधीही काही येत नसे तो शेवटच्या बाकावरचा मुलगा शर्टाची कॉलर धरून, दोन्ही बाह्या ओढून म्हणत होता, एक सी, दोन एस. मी त्या पोराला तेव्हा पहिल्यांदा शिकताना पाहिलं, आणि अंगावर एकही वळ न उठता.

सर तासाला आले ते विचारतच. पहिला बाक, बरोबर. दुसरा, बरोबर. एन, ई, सी, ई, एस, एस, ए, आर, वाय. मुलींची रांग संपली, मुलांची सुरू झाली. ई, एम, बी, ए, डबल आर, ए, डबल एस. शेवटच्या बाकापर्यंत एकही उभा नाही. मला वाटलं, संपलं. मी मूर्ख होते. मारणाऱ्याला स्पेलिंग नको असतं, गाल हवा असतो.

सर मागं वळले आणि दोस्तासमोर थांबले. म्हणाले, तू हळू बोललास, तुला स्वतःचंच ऐकू येत नाही काय? कुणीच हसलं नाही. मग त्यांनी शेजारच्याला सांगितलं, दे याला एक. दुसरा कान हाय की अजून.

जैनांचा मुलगा उभा राहिला. "त्याला आलंय, सर."

"मी म्हणतो म्हणून दे."

"न्हाई देणार."

फोक त्याच्या खांद्यावर बसली, मग हातांवर, मग तोंडावर. तो हलला नाही. फोक मोडली. सरांनी ती फेकली आणि रिकामा हात दोस्तावर उगारला, डाव्याच बाजूला. जैनांचा मुलगा मध्ये पडला. थप्पड त्याच्या तोंडावर बसली, सरांच्या अंगठीनं ओठ फाटला, रक्त बाकावर सांडलं.

मग वर्ग उठला. कुणी सांगितलं नव्हतं. बाक सरकले, एक आडवा झाला. शेवटच्या बाकावरच्यानं सरांचा हात पिरगाळून धरला, बाकीच्यांनी रेटलं, आणि सर फळ्याखालच्या ओट्यावरून मागं कोसळले. डोकं भिंतीला लागलं. मी अहिंसेवर भाषणं ऐकली आहेत आणि ती मला पटतात. त्या क्षणी मला दया आली नाही, आणि आली होती असं आज लिहिणार नाही. त्यांना लाथ घालायला धावलेल्याला मात्र जैनांच्या मुलानंच कमरेला मिठी मारून मागं ओढलं.

दुसऱ्या दिवशी पालकांची सभा भरली, आमचा वर्गही भिंतीकडेला उभा केला होता. अभ्यास करत नाहीत म्हणून मार बसतो, हे वाक्य बरेच जण घरूनच घेऊन आले होते. दोस्ताची आई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरांकडं बघून म्हणाली, "आवं गुरुजी, त्याला आलं हुतं न्हवं? मग काय चुकलं हुतं त्याचं?"

मुख्याध्यापकांनी वर्गाला विचारलं, किती जणांना आलं होतं? आम्ही सगळ्यांनी हात वर केले. घरून आणलेलं वाक्य कुणालाच काढता आलं नाही. शाळेत मारायला कायद्यानं बंदी आहे, हे तोवर कुणी उच्चारलंही नव्हतं. ते माझ्या वडिलांनी उभं राहून सांगितलं, आणि संस्थेनं तसा लेखी आदेश काढेपर्यंत ते आणि दोस्ताची आई कार्यालयाच्या दारातून हलले नाहीत.

सरांची बदली झाली, संस्थेच्या दुसऱ्या शाखेत. शिक्षा म्हणून नाही, सोयीनं. त्या शाखेतही पोरंच बसतात, हे संस्थेला सांगायला आम्ही दोनदा गेलो, दोनदा आम्हाला चहा पाजून परत पाठवलं. मॅडमना पुढच्या वर्षी बोलावलं नाही. त्याचा राग माझ्यात अजून तसाच आहे आणि तो जावा असं मला वाटत नाही.

दोस्ताच्या कानाला तो दुसरा फटका बसलाच नाही. त्या मारामारीनंतर आठवड्याभरातच, परीक्षेच्या आधी, डॉक्टरांनी बघून सांगितलं, पडदा भरून आलाय. त्या दिवशी जैनांचा मुलगा त्याच्यासमोर उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, तू पण दे मला एक, मोकळा होतो. ओठाची खपली अजून पडली नव्हती.

दोस्तानं त्याचा खांदा धरून हलवला. "गप रं गड्या," तो म्हणाला. "कुणी सांगितलंय मारायला?"

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं माळावर पळायला गेले. एकाला भरतीला जायचं होतं, दुसऱ्याला नव्हतं. तो मागं पडत होता, धापा टाकत होता, पण थांबला नाही.